तीन दर मागा, मग उधारीचं बोला

प्रश्न: मी प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट चालवते. दोन मशीन आहेत. डबे, झाकणं आणि थोडे जॉबचे पार्ट निघतात. महिन्याला साधारण ४ टन पीपीचा दाणा लागतो, चार वेगवेगळ्या ग्रेडमध्ये. सहा वर्षं एकाच पुरवठादाराकडून घेते. आठवड्याला एक टन येतो, मुदत १५ दिवसांची, पण प्रत्यक्षात पैसे द्यायला कधी २० तर कधी २५ दिवस होतात. माझे गिऱ्हाईक मला ४५ ते ६० दिवसांनी पैसे देतात, त्यामुळे मला ४५ दिवसांची मुदत हवी आहे. मी विषय काढला तर ते म्हणाले, ‘मुदत जमणार नाही, त्यापेक्षा १२ टन एकदम रोखीने उचला, ३ टक्के कमी करतो.’ ओव्हरड्राफ्टमधून पैसे उभे राहतील. घ्यावं का? संबंध चांगले आहेत, त्यामुळे ताणून धरायलाही संकोच वाटतो.

उत्तर:

१२ टन एकदम उचलू नका. पण ते म्हणाले त्यात तुमच्या कामाची एक गोष्ट आहे, ती आधी पाहू. तुम्ही दिवस मागितलेत आणि त्यांनी दर पुढे केला. म्हणजे त्यांच्या डोक्यात दिवस आणि दर ही एकाच हिशेबाची दोन टोकं आहेत. तुमच्या डोक्यातही तसंच असायला हवं. जोवर एक महिन्याची उधारी तुम्हाला किती टक्क्यांना पडते हे माहीत नाही, तोवर ३ टक्के म्हणजे खूप की थोडे, हे कळायचं कसं?

हिशेब सोपा राहावा म्हणून किलोचा दर १०० धरू, म्हणजे टनाचा एक लाख. तुमचा खरा दर नंतर बसवून घ्या, टक्के तेच राहतील. ओव्हरड्राफ्टचं व्याज महिन्याला एक टक्का धरते. १२ टनांवर ३ टक्के म्हणजे ३६ हजारांची सूट. आता दुसरी बाजू. आज तुमच्या गोदामात सरासरी अर्धा टन माल असतो, कारण दर आठवड्याला एक टन येतो आणि संपतो. आणि तीन आठवड्यांच्या खरेदीचे, म्हणजे जवळजवळ ३ लाख, पुरवठादाराचे तुमच्याकडे वापरात असतात. १२ टन एकदम घेतले तर तीन महिन्यांत सरासरी ६ टन माल पडून राहील आणि ते ३ लाखही हातचे जातील. साडेपाच टन जास्तीचा माल आणि गेलेली उधारी मिळून सव्वाआठ लाखांच्या आसपास तुमचे पैसे तीन महिने अडकतात. त्याचं व्याज साधारण २५ हजार. हातात उरले ११ हजार, म्हणजे १२ लाखांच्या खरेदीवर एक टक्काही नाही.

कागदावर हा सौदा तोट्याचा नाही, हे मुद्दाम सांगते. ‘मोठी खरेदी म्हणजे अडकलेलं भांडवल’ असं सरसकट म्हणणाऱ्यांचं ऐकून चांगले सौदे सोडणारेही मी पाहिलेत. तुमचं व्याज महिन्याला साधारण १.४ टक्क्यांच्या आत असेल तर गणित जमतं, त्याच्या वर गेलं की उलटतं. पण त्या ११ हजारांसाठी तुम्ही काय पत्करताय? पहिल्याच दिवशी साडेअकरा लाखांहून अधिक रक्कम बाहेर जाईल. मागच्या तीन आठवड्यांची बिलं द्यायची राहिली आहेत, ती वेगळी. ओव्हरड्राफ्टची मर्यादा दाण्याने भरून गेली की पगार, वीजबिल आणि मोल्डची दुरुस्ती कशातून करणार? त्यात पीपीचा दर कच्च्या तेलाच्या आणि प्रोपिलीनच्या मागे वरखाली होतो. सहा टन शिल्लक असताना दर २ टक्क्यांनी उतरला तर १२ हजार तिथेच गेले, आणि तुमच्या गिऱ्हाइकाला उतरलेला दर लगेच कळतो. दर चढला तर फायदा होईल हे खरं, पण तो दाण्याचा सट्टा झाला. तुमचा धंदा डबे बनवण्याचा आहे.

दाणा खराब होईल का, ही भीती मात्र फारशी नको. पीपी पाणी धरत नाही, नायलॉनसारखा तो वाळवत बसावा लागत नाही. पोती पॅलेटवर, सावलीत आणि बंद ठेवली की झालं. उन्हात महिनोन्‌महिने पडलेला माल तेवढा टाळावा.

आता त्यांच्या बाजूला जाऊन बसा. दाण्याच्या वितरकाला किलोमागे सुटणारा पैसा थोडा असतो, तो टिकतो उलाढालीवर. मग ३ टक्के त्यांनी आणले कुठून? काही तुमच्या रोखीतून: त्यांचं व्याज वाचतं आणि पैसे बुडण्याची धास्ती जाते. काही गाडीभाड्यातून: बारा फेऱ्यांऐवजी एक किंवा दोन. आणि काही वरून: बऱ्याच वितरकांना उत्पादक कंपनीकडून ठरावीक उचलीवर सूट मिळते, आणि तुमचे १२ टन एकाच महिन्यात धरले तर त्यांचा तो टप्पा गाठायला मदत होते. यातली रोखीची सूट तुम्हाला रोख दिल्याशिवाय मिळणार नाही. पण बाकीच्या दोन्हींसाठी सगळा माल एकाच दिवशी तुमच्या दारात यायची गरज नाही. नेमकी तीच बाजू मागायची आहे.

त्याआधी घरचं काम. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि एका वहीत किंवा शीटमध्ये पाच रकाने भरा: तारीख, ग्रेड, किलो, दर आणि पैसे प्रत्यक्ष कधी गेले. सहावा रकाना त्या दिवशीच्या उत्पादक कंपनीच्या यादी दराचा ठेवा. यादी मिळत नसेल तर त्या आठवड्यात दुसऱ्या कुणी सांगितलेला दर चालेल. एका दुपारचं काम आहे. त्यातून तीन गोष्टी दिसतील.

पहिली, तुमची खरी मुदत. तुम्ही २० ते २५ म्हणता, मला वाटतं हिशेब केल्यावर सरासरी २१-२२ निघेल. ही तुमची दुखरी जागा आहे आणि पुरवठादार पहिलं बोट तिथेच ठेवतील: ‘पंधराचे पंचवीस होतात, पंचेचाळीसचे किती होतील?’ खरं सांगायचं तर त्यांनी मुदतीला नकार दिला तो ४५ या आकड्याला दिलेला नसावा. पैसा नक्की कोणत्या तारखेला येणार हे सांगता येत नाही, त्याला तो नकार असावा. वितरकाला उत्पादकाचे पैसे ठरल्या दिवशी भरावेच लागतात, त्यामुळे नक्की ३५ दिवस त्याला कधीकधी बेभरवशाच्या २० पेक्षा बरे वाटतात. म्हणजे वेळेवर देण्याची हमी हे तुमच्याकडचं देण्यासारखं नाणं आहे, आणि त्याला व्याज लागत नाही.

दुसरी गोष्ट दिसेल ती यादी दर आणि तुमचा दर यांतलं अंतर. ते बारा महिने सारखंच आहे का? बहुतेकदा नसतं. यादी चढली की नवा दर त्याच दिवशी लागतो, उतरली की ‘जुन्या स्टॉकचा माल आहे’ म्हणून आठ-पंधरा दिवस जुनाच दर चालतो. यात लबाडी असेलच असं नाही, चढ्या दराने घेतलेला माल त्यांच्याकडेही पडलेला असतो. पण मग चढतानाही जुन्या स्टॉकचा माल जुन्याच दराने मिळायला हवा, नाही का? हे अंतर किलोमागे एक-दीड निघालं तर तुम्हाला ३ टक्क्यांतला मोठा वाटा इथेच सापडला.

तिसरी गोष्ट म्हणजे चार ग्रेड. महिन्याला ४ टन ही उचल तशी लहानच आहे, आणि तीही चार तुकड्यांत विभागली की प्रत्येक ग्रेडमध्ये तुम्ही किरकोळ गिऱ्हाईक ठरता. झाकणांचा आणि डब्यांचा दाणा एक होऊ शकतो का ते पाहा. त्यासाठी नुसता एमएफआय, म्हणजे वितळल्यावर दाणा किती सहज वाहतो त्याचा आकडा, जुळवून भागत नाही. आकडा सारखा असला तरी होमोपॉलिमर आणि इम्पॅक्ट कोपॉलिमर वेगळे वागतात: थंडीत पडल्यावर फुटणं, आकसणं, पारदर्शकता, सगळंच बदलतं. एकेका मोल्डवर दोन-दोन पोत्यांची ट्रायल घ्या, पार्टचं वजन आणि माप लिहून ठेवा, झाकण डब्यावर दुसऱ्या दिवशी बसवून बघा. दुसऱ्या दिवशी एवढ्यासाठी, की पीपी मशीनमधून निघाल्यावरही काही तास आकसत राहतो. चाराचे दोन ग्रेड झाले तर तुमची बोलण्याची ताकद कुठल्याही घासाघिशीपेक्षा जास्त वाढेल. नाहीच जमलं तर तीन तरी करा.

आता बोलणं. मालाची तातडी असताना, म्हणजे दोन दिवसांचा दाणा उरलाय आणि फोन हातात, अशा वेळी हा विषय काढायचा नाही. फोनवरही नको. आठवडाभर आधी सांगून वेळ घ्या. शक्य असेल तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जा. उचलीचा टप्पा गाठायचा राहिला असेल तर त्या दिवसांत त्यांचा हात जरा सैल असतो.

आणि जाऊन मुदत मागू नका, दर विचारा. एकाच ग्रेडचे, एकाच दिवसाचे तीन दर: रोख, ३० दिवस आणि ४५ दिवस. साधारण असं:

‘तुम्ही मागे १२ टनांचं बोललात, मी हिशेब करून बघितला. एकदम उचलणं मला झेपणार नाही, पण तीन महिन्यांत १२ टन मी तुमच्याकडूनच घेते, हे तुमच्याही खात्यात दिसतंय. तेव्हा एक सांगा, हाच माल रोखीत केवढ्याला, तीस दिवसांत केवढ्याला आणि पंचेचाळीस दिवसांत केवढ्याला? मी लगेच काही ठरवत नाही, तिन्ही दर लिहून घेते.’

यात भांडण नाही, उपकार मागणं नाही आणि संबंध ताणले जाण्यासारखंही काही नाही. तुमचा संकोच इथे आड यायला नको.

समजा ते म्हणाले, रोख ९८.५०, तीस दिवस १००, पंचेचाळीस दिवस १०१.५०. आता हे आकडे काय सांगतात ते बघा. रोखीपासून तीस दिवसांपर्यंत दीड टक्का, म्हणजे त्यांची उधारी महिन्याला दीड टक्क्याला पडते. तुमच्या बँकेची एक टक्क्याला. ओव्हरड्राफ्टमध्ये जागा असेल तर बँकेकडून घेऊन त्यांना रोख देणं स्वस्त, अर्ध्या टक्क्याने. तिसापासून पंचेचाळिसापर्यंत मात्र पंधराच दिवसांना आणखी दीड टक्का, म्हणजे महिन्याला तीन टक्क्यांचा भाव झाला. इतकं महाग व्याज तुमच्या बँकेचं नाही. पहिल्या महिन्यात ते तुमच्याकडून पैशाचं भाडं घेतायत, पुढच्या पंधरा दिवसांत भीतीचं. त्यामुळे ४५ वर अडून बसलात तर सगळ्यात महाग दिवस तुम्ही विकत घ्याल. तुम्हाला ते नकोत, निदान या वर्षी नकोत.

उलटही होऊ शकतं. त्यांचे तीन दर जवळजवळ सारखेच निघाले, तीस दिवसांना अर्धाच टक्का जास्त, तर त्यांच्याकडे पैसा स्वस्त आहे आणि गिऱ्हाईक हवंय. मग रोखीच्या सुटीच्या मागे न लागता दिवस घ्या आणि बँकेची मर्यादा पगारासाठी मोकळी ठेवा. कुठे दिवस घ्यायचे आणि कुठे दर घ्यायचा हे त्यांच्या आणि तुमच्या व्याजातला फरक ठरवतो. सुटीचा टक्का किती मोठा वाटतो यावर ते ठरत नाही. २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण तीस दिवस आधी पैसे देऊन मिळणार असतील तर ते वर्षाला २४ टक्क्यांच्या पुढे जातात. एवढं बँकेचं व्याज नसतं, तेव्हा अशी सूट मिळाली तर सोडू नका.

तिन्ही दर हातात आले की दोन दिवस जाऊ द्या आणि मग तुमचा प्रस्ताव घेऊन जा. तुमच्या जागी मी असते तर असा मांडला असता.

माल आठवड्याला एक टन याऐवजी पंधरवड्याला दोन टन, १ आणि १६ तारखेला. त्यांच्या फेऱ्या निम्म्या होतात. तुमच्याकडे सरासरी अर्धा टनच माल वाढतो, त्याचं महिन्याचं व्याज पाचशेच्या आसपास. पैसे मात्र बिलागणिक द्यायचे नाहीत. महिनाअखेरीस एकच स्टेटमेंट, आणि त्या महिन्याची सगळी रक्कम पुढच्या महिन्याच्या १० तारखेला, बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करून. वरून बघितलं तर तुम्ही फक्त ‘दहा तारीख’ म्हणताय. पण १ तारखेचा माल पुढच्या १० ला म्हणजे चाळीसेक दिवसांनी, १६ चा पंचवीसेक दिवसांनी, सरासरी ३२ दिवस. आजच्या ओढून घेतलेल्या २१ च्या जागी हक्काचे ३२, आणि दर महिन्याला चार वेळा ‘पैसे कधी?’ हा फोन नाही. त्यांच्या हिशेबनिसालाही चार नोंदींऐवजी एकच करायची.

एक गोष्ट लपवू नका, कारण ते ती काढणारच. दर महिन्याच्या १ ते १० तारखांत तुमच्याकडे त्यांचे ६ टनांचे पैसे असतील: मागच्या महिन्याचे ४ आणि नव्याचे २. आज हा आकडा ३ च्या आसपास असतो. म्हणजे तुमच्यावरची त्यांची जोखीम दुप्पट होते. उधारी देणाऱ्याला दिवसांपेक्षा हीच गोष्ट जास्त खटकते, एका वेळी जास्तीत जास्त किती अडकेल. तेव्हा आपणहून म्हणा, ‘मर्यादा ६ टनांची ठेवा. दहा तारीख चुकली तर पुढची गाडी थांबवा, मी तक्रार करणार नाही.’ एवढं म्हटल्यावर बरीचशी नकारघंटा थांबते. तरीही कचरले तर पहिले तीन महिने स्टेटमेंटनंतर ५ तारीख घ्या आणि तीनही वेळा पाळून दाखवा, मग १० कडे सरका. तारीख एकदा जरी चुकणार असं वाटत असेल तर हा प्रस्ताव मांडूच नका, आधी स्वतःकडे एका हप्त्याची गंगाजळी करा.

मोठ्या खरेदीची सूट मात्र दरात मागायची नाही, तिमाहीच्या शेवटी मागायची. तीन महिन्यांत एकूण १२ टन उचल झाली की संपूर्ण उचलीवर दीड टक्क्याची क्रेडिट नोट. रोजचा दर जसा आहे तसाच राहतो, त्यामुळे ‘तिला कमी, मला जास्त’ असं त्यांना इतर गिऱ्हाइकांकडून ऐकावं लागत नाही, आणि उत्पादकाकडून त्यांना सूट मिळत असेल तर तीही बहुधा अशाच नोटेने नंतर येते. देणं त्यांना सोपं जातं. १२ टनांवर दीड टक्का म्हणजे १८ हजार. त्यांनी सांगितलेल्या सौद्यात व्याज वजा जाता तुमच्या हाती ११ उरत होते. इथे पंधरवड्याच्या डिलिव्हरीचं व्याज वजा करूनही त्याहून जास्त उरतात, आणि साडेअकरा लाख एका दिवशी बाहेर काढावे लागत नाहीत. दीड नाही, एक टक्का मिळाला तरी मी घेईन.

पण या नोटेत लोक फसतात ते दोन ठिकाणी. एक, अट कडक असते: ११ टन ८०० किलो झाले, २०० किलोंसाठी सगळी सूट गेली. म्हणून टप्पे मागा, १० टनांना एक टक्का, १२ ला दीड. आणि त्यांच्याकडे ग्रेड शिल्लक नव्हता म्हणून तुम्ही बाहेरून घेतलेला माल तुमच्या उचलीत धरावा, हे आधीच बोला. दोन, नोट येतच नाही. ‘पुढच्या तिमाहीत ॲडजस्ट करू’ म्हणत लांबते आणि शेवटी विसरली जाते. तिमाही संपल्यापासून १५ दिवसांत नोट, नाही आली तर पुढच्या पेमेंटमधून तेवढी रक्कम वजा, असं लिहून घ्या.

दराचं सूत्रही ठरवून टाका. वर्षभराचा पक्का दर मागू नका. तो त्यांनी दिला तरी दाणा चढला की माल ‘शिल्लक नाही’ होतो, आणि उतरला की तुम्हालाच तो दर टोचतो. त्याऐवजी माल निघेल त्या दिवशीचा यादी दर, अधिक किलोमागे ठरलेली रक्कम. चढताना आणि उतरताना तेच सूत्र. घासाघीस मग वर्षातून एकदा, तीही त्या ठरलेल्या रकमेपुरतीच. तुमचा सहावा रकाना इथे उपयोगी पडतो: मागच्या वर्षीचं सरासरी अंतर किती होतं ते सांगा आणि त्याहून थोडं खाली मागा.

दुसरा पुरवठादार हवा का? हवा, पण धाक घालण्यासाठी नको. खोटा दर सांगून दबाव आणू नका. दाण्याच्या बाजारात रोजचा दर सगळ्यांना माहीत असतो, दोन मिनिटांत उघडं पडतं आणि सहा वर्षांचा शब्द जातो. दोनपैकी एका ग्रेडचा पाचवा हिस्सा खरोखर दुसरीकडून घ्यायला लागा आणि ते लपवू नका. तुमच्या उचलीत तेवढा धक्का त्यांना सोसतो, आणि तुम्हाला बाजाराचा खरा दर कळत राहतो. दुसऱ्याचा दर ताडून बघताना तोच उत्पादक, तोच ग्रेड, करासहित की कराविना, गाडीभाडं धरून की वेगळं, आणि किती दिवसांचा, हे सगळं सारखं करून मगच बघा. दोन टक्के स्वस्त वाटलेला माल कितीतरी वेळा या चाळणीतून अर्धा टक्का महागच निघतो. पाचवा हिस्सा बाहेर गेला तर तिमाहीच्या टप्प्यांचे आकडेही त्या हिशेबाने खाली बोला.

आता राहिली ती गोष्ट, जिच्याकडे वाटाघाटी जिंकल्यावर कुणाचं लक्ष नसतं. दर खाली आला की माल बदलू शकतो. मुद्दाम असेल किंवा नसेलही. ऑफ-ग्रेडचा लॉट, दोन लॉट मिसळलेली पोती, नाहीतर पुन्हा शिवलेलं पोतं ज्यात थोडा रीग्राइंड सरकलाय. तुम्हाला ते मशीनवर कळतं, पण उशिरा: काल ज्या सेटिंगवर पार्ट भरत होता त्यावर आज शॉर्ट शॉट येतो किंवा फ्लॅश सुटतो, ऑपरेटर तापमान आणि प्रेशर वरखाली करत बसतो, आणि दोष मशीनच्या माथी जातो. कारण असतं ते बदललेला एमएफआय. अशा एका दिवसाच्या रिजेक्शनमध्ये महिन्याची सूट जाते.

म्हणून प्रत्येक गाडीला तीन गोष्टी. पोत्यावरचा लॉट नंबर बिलावर लिहून घ्यायचा. उत्पादकाचं त्या लॉटचं तपासणीपत्र मागायचं, त्यात एमएफआयचा आकडा असतोच, आणि तो मागच्या लॉटच्या आकड्याशेजारी लिहून ठेवायचा. पोत्याची शिवण उत्पादकाची आहे की हाताने घातलेली, हे उतरवून घेतानाच बघायचं, आणि चार-पाच पोती काट्यावर ठेवायची. २५ किलोचं पोतं सातत्याने २४.८ भरत असेल तर तुमच्या दीड टक्क्यातला जवळजवळ पाऊण टक्का तिथेच गळतो. प्रत्येक लॉटमधला अर्धा किलो दाणा पिशवीत, तारीख घालून, तो लॉट संपून महिना होईपर्यंत ठेवा. वाद झालाच तर प्रयोगशाळेत पाठवायला तोच कामी येतो.

जे ठरेल ते बोलण्यावर ठेवू नका. करारबिरार नको, त्या शब्दानेच माणसं सावध होतात. त्याच संध्याकाळी एक साधा मेल करा: ‘आज बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून ग्रेड, डिलिव्हरीच्या तारखा, दराचं सूत्र, पेमेंटची १० तारीख आणि ६ टनांची मर्यादा, तिमाही सुटीचे टप्पे, लॉटचं तपासणीपत्र, आणि खराब लॉट किती दिवसांत बदलून मिळेल ते. शेवटी ‘काही चुकलं असेल तर कळवा’ एवढं लिहा. उत्तर नाही आलं तर दोन दिवसांनी पहिल्या ऑर्डरमध्ये त्या मेलचा उल्लेख करा.

तुमचे गिऱ्हाईक ४५ ते ६० दिवस लावतात, ती उणीव पुरवठादाराच्या ३२ दिवसांनी पूर्ण भरून निघणार नाही. पण तुमच्या पत्रात ‘जॉबचे पार्ट’ असं आलंय म्हणून विचारते: त्यातला एखादा मोठा गिऱ्हाईक दाणा स्वतः पुरवून तुम्हाला फक्त मोल्डिंगचे पैसे द्यायला तयार आहे का? त्याचा महिन्याचा एक टन जरी असा सुटला तरी तुमच्या दाण्याच्या उधारीचा आकडा पावपट कमी होतो. मात्र त्या टनाने तुमची तिमाही उचलही १२ वरून ९ वर येईल, तेव्हा पुरवठादाराकडे सुटीचे टप्पे बोलायला जाण्याआधी हे त्या गिऱ्हाइकाशी बोलून घ्या.